टीडीएस गुणिले बारा केलं की वार्षिक पगार चुकतो : कारण आणि दुरुस्ती

तक्रार नेहमी एकाच प्रकारची असते. हातात एका महिन्याची सॅलरी स्लिप आहे, तिच्यात कापलेला टीडीएस दिसतोय, आणि त्यावरून वर्षाचा पगार किती धरायचा हे ठरवायचंय. पतसंस्थेत जामीनदाराची ऐपत बघायची असते, गृहकर्जाचा अर्ज भरायचा असतो, किंवा हिंजवडीतली नोकरी सोडून खराडीत जाताना आधीचा पगार सांगायचा असतो. मग टीडीएस गुणिले बारा करून वर्षाचा कर काढतात, टॅक्स कॅल्क्युलेटरमध्ये उलटा बसवतात, आणि येणारा आकडा ऑफर लेटरशीही जुळत नाही, बँकेतल्या जमेशीही नाही.

पगाराची रक्कम स्लिपवर असताना टीडीएसकडे वळायचंच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण स्लिपवरचा पगार त्या एका महिन्यापुरता असतो. टीडीएस ठरवताना मात्र कंपनीला पूर्ण आर्थिक वर्षाचं उत्पन्न गृहीत धरावं लागतं. दिवाळीचा बोनस, फरक, परफॉर्मन्स पे यांतलं जे काही कंपनीच्या हिशेबात त्या महिन्यापर्यंत आलंय ते सगळं त्या एका आकड्यात मुरलेलं असतं. म्हणून तो उलगडता आला तर उपयोगाचा आहे, फक्त उलगडायची पद्धत बारानं गुणण्याची नाही.

गुणाकार का चुकतो

पे-रोलचं सॉफ्टवेअर दर महिन्याला नव्यानं हिशेब मांडतं. वर्षभराचं अंदाजी उत्पन्न काढतं, त्यावरचा पूर्ण कर काढतं, आतापर्यंत कापलेला कर त्यातून वजा करतं, आणि उरलेली रक्कम चालू महिना धरून मार्चपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांत वाटतं. म्हणजे स्लिपवरचा टीडीएस हा वर्षाच्या कराचा बारावा भाग नसून राहिलेल्या कराचा हप्ता असतो. एप्रिलपासून उत्पन्नाचा अंदाज बदललाच नाही, तरच या दोन्ही गोष्टी एक होतात. एकदा का मध्ये काही बदललं की त्यानंतरच्या प्रत्येक स्लिपवर बाराचा गुणाकार खोटं उत्तर देतो, आणि बदल जितका मार्चच्या जवळ, तितकी चूक मोठी.

दुरुस्ती त्याच हिशेबात आहे. स्लिपवर चालू महिन्याच्या शेजारी बहुतेक वेळा `YTD` नावाचा रकाना असतो. त्यात एप्रिलपासून आजपर्यंतची बेरीज येते. वर्षाचा कर काढायचा तो असा: आजपर्यंत कापलेला कर (हा महिना धरून), अधिक या महिन्याचा टीडीएस गुणिले पुढे राहिलेले महिने. ऑक्टोबरच्या स्लिपवर पुढे नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने राहतात, जानेवारीच्या स्लिपवर दोन.

एक स्लिप पूर्ण सोडवून

आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. महिन्याचा करपात्र पगार १,२५,०००, म्हणजे वर्षाचे १५ लाख. त्यातून ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन वजा केली की १४,२५,००० उरतात. या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. त्यामुळे १४,२५,००० वर कर येतो ९३,७५०. त्यावर ४ टक्के सेस धरून ९७,५००. एप्रिल ते सप्टेंबर दर महिन्याला ८,१२५ कापले गेले.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर १,५०,००० बोनस आला. वर्षाचं करपात्र उत्पन्न १५,७५,००० झालं, सेससह कर १,२०,९०० झाला. सहा महिन्यांत ४८,७५० कापून झाले होते. राहिलेले ७२,१५० सहा महिन्यांत वाटले गेले. ऑक्टोबरच्या स्लिपवर टीडीएस दिसतो १२,०२५.

आता ही स्लिप ज्याच्या हातात पडली, त्यानं बारानं गुणलं तर वर्षाचा कर १,४४,३०० येतो आणि उलट हिशेबानं पगार १७,६८,७५०. खरा आकडा १६,५०,०००. म्हणजे जवळजवळ १ लाख १९ हजारांची चूक.

वर सांगितलेल्या रीतीनं करू. `YTD` रकान्यात ६०,७७५ आहेत. त्यात १२,०२५ गुणिले ५, म्हणजे ६०,१२५ मिळवले की १,२०,९००. १.०४ नं भागून सेस काढून टाकला की १,१६,२५०. आता टप्पे उलटे चढायचे. त्यासाठी प्रत्येक टप्प्याच्या टोकाला साचलेला कर माहीत हवा: ८ लाखांवर २०,०००, १२ लाखांवर ६०,०००, १६ लाखांवर १,२०,०००, २० लाखांवर २,००,००० आणि २४ लाखांवर ३,००,०००. आपले १,१६,२५० हे ६०,००० आणि १,२०,००० यांच्या मध्ये बसतात, म्हणजे माणूस १५ टक्क्यांच्या टप्प्यात आहे. ६०,००० च्या वरचे ५६,२५० भागिले ०.१५ केले की ३,७५,०००. त्यात १२ लाख मिळवून १५,७५,०००, आणि स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० परत घातले की बरोबर १६,५०,०००.

हेच एक्सेलमध्ये करायचं तर A1 मध्ये `YTD` टीडीएस, B1 मध्ये या महिन्याचा टीडीएस, C1 मध्ये पुढे राहिलेले महिने आणि D1 मध्ये आधीच्या कंपनीनं कापलेला कर टाकावा. आधीची कंपनी नसेल तर D1 मध्ये शून्य. E1 आणि F1 मध्ये ही सूत्रं:

```
=(A1+B1*C1+D1)/1.04
=IF(E1<70588,1200000+E1,MIN(1200000+(E1-60000)/0.15,1600000+(E1-120000)/0.2,2000000+(E1-200000)/0.25,2400000+(E1-300000)/0.3))+75000
```

करपात्र उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की अधिभार लागतो. तिथे हे सूत्र वापरू नये. टीडीएस रुपयात पूर्ण केलेला असतो, आणि १५ टक्क्यांच्या टप्प्यात महिन्याच्या एका रुपयाचा फरक वर्षाच्या पगारात साधारण ७७ रुपये होतो. शे-दोनशे रुपयांनी उत्तर हललं तर काळजी नको.

बोनसच्याच महिन्याची स्लिप असेल तर

सगळ्या कंपन्या वाढीव कर पुढच्या महिन्यांत वाटत नाहीत. बऱ्याच ठिकाणी बोनसवरचा सगळा कर त्याच महिन्यात कापतात. आपल्या उदाहरणात तो कर २३,४०० आहे, त्यामुळे ऑक्टोबरचा टीडीएस थेट ३१,५२५ होईल आणि नोव्हेंबरपासून पुन्हा ८,१२५. अशा ऑक्टोबरच्या स्लिपवर बारानं गुणलं तर पगार २६,८७,५०० दिसतो! दुरुस्त रीतही इथे फसते, कारण ३१,५२५ हा पुढच्या पाच महिन्यांचा हप्ता नाहीच.

यावर उपाय पुढच्या महिन्याची स्लिप. नोव्हेंबरला `YTD` ८८,४००, त्यात ८,१२५ गुणिले ४ म्हणजे ३२,५०० मिळवले की पुन्हा तेच १,२०,९००. बोनस, फरक किंवा रजेचे पैसे अशी ओळ ज्या स्लिपवर आहे, तिच्या टीडीएसवर एकट्यानं विसंबू नये. जुलैत पगारवाढ जाहीर होऊन एप्रिलपासूनचा फरक मिळतो, तेव्हाही हेच घडतं.

लागोपाठच्या दोन स्लिपा असतील आणि `YTD` रकाना नसेल, तरी निदान वाढ किती झाली ते काढता येतं. सप्टेंबरला ८,१२५ आणि ऑक्टोबरपासून सलग १२,०२५ दिसत असतील तर फरक ३,९०० चा. तो ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांसाठी, म्हणून २३,४००. १५ टक्के अधिक सेस मिळून १५.६ टक्के; २३,४०० भागिले ०.१५६ केले की १,५०,०००. बोनस जसाच्या तसा हाती येतो. अट इतकीच, की सगळी वाढ एकाच टप्प्यात बसलेली असावी आणि वाढलेला टीडीएस पुढच्या स्लिपांतही सलग तेवढाच दिसत असावा.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेली असेल तर

पुण्यात आयटीतल्या माणसाची स्लिप पाहताना रुजू झाल्याची तारीख आधी बघावी. ती बहुतेक वेळा स्लिपच्या माथ्यावरच असते.

समजा कुणी सप्टेंबरमध्ये महिना १,५०,००० वर रुजू झालं. त्याआधी एप्रिल ते ऑगस्ट दुसऱ्या कंपनीत १,२०,००० पगार होता आणि तिथे महिन्याला ७,३४५ प्रमाणे ३६,७२५ कर कापला गेला. नव्या कंपनीला फॉर्म १२बी मधून ही माहिती दिली, तर ती दोन्ही पगार एकत्र करते: ६ लाख अधिक १०.५ लाख, एकूण १६,५०,०००. कर १,२०,९००, त्यातून ३६,७२५ वजा, राहिलेले ८४,१७५ सात महिन्यांत. महिन्याचा टीडीएस येतो १२,०२५.

आकडा आधीच्या उदाहरणातलाच आहे, वर्षाचं एकूण उत्पन्नही तेच. पण एकाचा महिन्याचा पगार १,२५,००० आहे आणि दुसऱ्याचा १,५०,०००. नुसत्या टीडीएसवरून या दोघांत फरक करताच येत नाही.

शिवाय नव्या कंपनीचा `YTD` रकाना सप्टेंबरपासूनच सुरू होतो. ऑक्टोबरला तिथे २४,०५० दिसतील, आणि आधीच्या कंपनीचे ३६,७२५ मिळवायचे राहिले तर पगार १४,१४,५८३ असा चुकीचा येईल. म्हणून सूत्रात D1 ठेवलाय.

माहिती दिलीच नाही, तर प्रकार अजून टोकाला जातो. नव्या कंपनीच्या लेखी वर्षाचं उत्पन्न १०,५०,०००, डिडक्शननंतर ९,७५,०००. हे १२ लाखांच्या आत, कलम ८७ए ची सूट लागू, टीडीएस शून्य. महिना दीड लाख घेणाऱ्या माणसाच्या स्लिपवर कर शून्य दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं याचा पगार कमी आहे. त्या माणसासाठीही हे महागात पडतं: दोन्ही कंपन्यांनी ७५,००० ची वजावट आणि खालचे टप्पे स्वतंत्रपणे धरलेले असतात, त्यामुळे विवरणपत्र भरताना मोठी रक्कम व्याजासह भरावी लागते.

टीडीएस शून्य किंवा अगदी थोडा असेल तर

नव्या प्रणालीत पूर्ण वर्ष एकाच कंपनीत असलेल्याचा टीडीएस शून्य असेल, तर कळतं ते एवढंच की पगार १२,७५,००० च्या आत आहे. तो ५ लाख आहे की साडेबारा, हे टीडीएस सांगू शकत नाही.

त्याच्या लगेच वरचा पट्टा फसवा आहे. १२ लाखांच्या जरा वर गेलं की एकदम ६०,००० कर पडू नये म्हणून मार्जिनल रिलीफ मिळते: सेसआधीचा कर १२ लाखांच्या वरच्या उत्पन्नापेक्षा जास्त होत नाही. ही सवलत करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५८८ होईपर्यंत चालते. या पट्ट्यात वाढलेला जवळजवळ प्रत्येक रुपया करात जातो, म्हणून महिन्याचा टीडीएस शून्यापासून ६,११८ पर्यंत चढतो, पण वर्षाचा पगार मात्र १२.७५ लाखांवरून १३.४६ लाखांपर्यंतच सरकतो. महिना २,००० टीडीएस असलेला आणि ६,००० असलेला यांच्या पगारांत वर्षाला पन्नास हजारांहूनही कमी फरक असतो. नेहमीच्या टप्प्यांचा उलट हिशेब इथे लावला तर करपात्र उत्पन्न खऱ्यापेक्षा कमी येतं, बहुतेक वेळा १२ लाखांच्याही खाली, आणि तिथे तर करच नसतो. सूत्रातली `70588` ची अट त्यासाठी आहे.

जुनी करप्रणाली निवडलेली असेल तर

इथे अंदाज मुळातच सैल होतो. त्याच १,२०,९०० वार्षिक कराचा जुन्या प्रणालीत अर्थ वेगळा: सेस काढून १,१६,२५०, १० लाखांपर्यंत १,१२,५०० कर होतो, वरचे ३,७५० भागिले ०.३ म्हणजे १२,५००. करपात्र उत्पन्न १०,१२,५००. त्यात स्टँडर्ड डिडक्शनचे ५०,००० आणि वर्षाचा व्यवसाय कर २,५०० मिळवले की १०,६५,०००. पण कलम ८०सी, घरभाड्याची सूट, गृहकर्जाचं व्याज अशा वजावटी किती दाखवल्यात हे स्लिपवर नसेल, तर खरा पगार ११ लाखही असू शकतो आणि १६ लाखही.

प्रणाली कोणती हे ओळखायची खूण स्लिपच्या खालच्या भागात मिळते. अनेक पे-रोल तिथे वर्षाच्या कराचा तक्ता छापतात. स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० असेल तर नवी, ५०,००० असेल तर जुनी. घरभाडे भत्त्याची सूट किंवा व्यवसाय कराची वजावट त्या तक्त्यात दिसली तरी जुनीच. व्यवसाय कर पगारातून कापलेला दिसणं ही मात्र खूण नाही. महाराष्ट्रात तो महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा दोन्ही प्रणालींत कापला जातो. तक्ता छापलेला नसेल तर नवी प्रणाली धरावी, कारण कर्मचाऱ्यानं काही कळवलं नाही तर कंपनी तीच लावते.

जुन्या प्रणालीतली जानेवारी ते मार्चची स्लिप शक्यतो घेऊच नये. एप्रिलमध्ये जाहीर केलेल्या गुंतवणुकीचे आणि भाड्याचे पुरावे या सुमारास मागितले जातात. ते दिले नाहीत की वजावट रद्द होते आणि वर्षभराचा राहिलेला कर दोन-तीन महिन्यांत वसूल होतो. टीडीएस तिप्पट होतो, पगार होता तिथेच असतो. या प्रणालीत सप्टेंबर-ऑक्टोबरची स्लिप बरी.

उत्तर बरोबर आलं तरी ते सीटीसी नव्हे

टीडीएसवरून येतो तो करपात्र पगार, कर्मचाऱ्याचा पीएफ कापण्याआधीचा. कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद त्यात नसते. सीटीसीत दोन्ही असतात. आपल्या पहिल्या उदाहरणात बेसिक ६०,००० धरलं आणि कंपनी पूर्ण बेसिकवर १२ टक्के पीएफ भरत असेल, तर वर्षाचे ८६,४००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ३४,६३२. सीटीसी होते १७,७१,०३२.

बारानं गुणून आलेलं चुकीचं उत्तर आठवा: १७,६८,७५०. ते योगायोगानं सीटीसीच्या इतकं जवळ गेलं की ऑफर लेटरशी ताडून बघणाऱ्याला गुणाकार बरोबर वाटेल. दोन वेगळ्या चुका इथे एकमेकींना झाकतात. पीएफ फक्त १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० भरला जात असता तर सीटीसी १७,०६,२३२ झाली असती आणि चूक उघडी पडली असती. म्हणून ताळा सीटीसीशी घालू नये.

ताळा घालायचा तो एकूण पगाराच्या `YTD` आकड्याशी. ऑक्टोबरअखेर तो १०,२५,००० आहे: सात महिन्यांचे ८,७५,००० आणि बोनस १,५०,०००. काढलेल्या १६,५०,००० मधून तो वजा केला की ६,२५,००० उरतात. पाच महिन्यांनी भागून १,२५,०००. स्लिपवरचा नेहमीचा मासिक पगार नेमका हाच असेल तर उत्तर पक्कं. भागाकार मासिक पगारापेक्षा जास्त आला तर कंपनीनं एखादं वेगळं उत्पन्न धरलेलं असतं: शेअर, कंपनीची गाडी किंवा घर यांसारख्या सुविधांचं मूल्य, आधीच्या नोकरीचा पगार, किंवा मार्चमध्ये द्यायचा असलेला बोनस. कमी आला तर कुठलीतरी वजावट आपल्या नजरेतून सुटलेली असते. नव्या प्रणालीत ती बहुधा कंपनीनं एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेची असते, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. भागाकार मासिक पगारापेक्षा खूपच जास्त आला आणि वेगळं उत्पन्नही दिसत नसेल, तर प्रणाली जुनी आहे असं समजून हिशेब पुन्हा मांडावा.